छपराचा फोटो वाचताना

मे महिना लागला की कोकणातल्या वाड्यांवरून मुंबई-पुण्याकडे छपरांचे फोटो निघतात. गावच्या घराची किल्ली ज्याच्याकडे असते तो चुलतभाऊ किंवा शेजारी मागच्या परड्यातून, नाहीतर समोरच्या चढावर उभा राहून मोबाइलवर एक फोटो काढतो आणि खाली लिहितो, ‘पत्रे बघून घ्या, पावसाआधी करायला हवं.’ फोटोत वर काहीतरी लालसर असतं, त्याखाली काळपट लाटा असतात आणि एका कोपऱ्यात निळं काहीतरी चमकत असतं. एवढ्यावरून चाकरमान्याला बरंच ठरवायचं असतं. सुतार बोलवायचा की फॅब्रिकेटर, वासे आणि रिपा तपासायच्या की लोखंडी पाइप, आणि मुख्य म्हणजे वर माणूस चढवायचा की नाही. ही सगळी उत्तरं छपरावर नेमकं काय घातलंय यावर अवलंबून आहेत, आणि गावाकडून येणारा ‘पत्रा’ हा शब्द टिनाला, सिमेंटला आणि फायबरला सारखाच लागू पडतो.

बहुतेक जण फोटोत आधी रंग बघतात, आणि फसतात तिथेच. जस्ताचा मुलामा दिलेला नवा पत्रा चंदेरी चमकतो, पण काही पावसाळ्यांत जस्त मंद राखाडी होतं. सिमेंटचा पत्राही राखाडीच. टिन गंजून तांबूस झालं की लांबून कौलासारखं दिसतं, आणि सिमेंटच्या पत्र्याला हौसेने लाल रंग मारणारेही कमी नाहीत. कोकणच्या पावसात शेवाळं धरलं की कौल आणि सिमेंट दोन्ही सारखीच काळी पडतात. निळा तर सगळ्यांत बेभरवशाचा रंग. ते रंगीत पोलादी पत्र्याचं छप्पर असेल, पॉलिकार्बोनेट असेल, किंवा नुसती ताडपत्री असेल.

रंग सोडून लाटांची मापं घ्यायची. फोटोत माप कसं घेणार, हा प्रश्न रास्त आहे. पण कोकणातल्या छपरावर बहुधा एक पट्टी आधीच ठेवलेली असते. ती म्हणजे मंगलोरी कौल.

मंगळुरात बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला. जॉर्ज प्लेब्स्ट या जर्मन मिशनऱ्याने तिथे यंत्रावर दाबून कौल काढायला सुरुवात केली. त्याआधीची कौलं कुंभार हाताने घडवायचा, त्यामुळे एकाचा बाक दुसऱ्याशी जुळेलच असं नसे. यंत्राच्या कौलाला खाचा आल्या, एक दुसऱ्यात अडकू लागलं, आणि सगळी एका मापाची झाली. आजचं नेहमीचं मंगलोरी कौल साधारण ४१ सेंटिमीटर लांब आणि साडेतेवीस सेंटिमीटर रुंद असतं. शेजारच्या आणि वरच्या कौलाखाली जाणारा भाग वगळला तर फोटोत दिसतो तो तुकडा सुमारे ३२ बाय २१ सेंटिमीटरचा. एका चौरस मीटरला १५ कौलं हा कौलारू सुतारांचा हिशेब इथूनच येतो. थोड्या मोठ्या मापाचीही कौलं निघतात, पण फरक इतका थोडा असतो की आपलं काम अडत नाही.

आता समजा, असाच एक फोटो समोर आहे. वरचं पाखं मंगलोरी कौलांचं आहे. त्याच्या वळचणीखाली पडवीचं छप्पर सुरू होतं आणि त्यावर काळपट लाटांचा पत्रा आहे. कौलांची शेवटची ओळ आणि पत्र्याची वरची कड फोटोत एकाखाली एक येतात. दोन्ही कॅमेऱ्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर असल्यामुळे लांबचं लहान दिसण्याचा घोटाळा इथे होत नाही. फोटो मोठा करून त्या ओळीतली लागून असलेली सात कौलं मोजायची. सात गुणिले २१ म्हणजे साधारण १४७ सेंटिमीटर झाले. मग बरोबर त्याच रुंदीत खालच्या पत्र्याच्या किती लाटा बसतात ते मोजायचं.

वीसच्या आसपास भरल्या तर लाट साडेसात सेंटिमीटरची, म्हणजे तीन इंचाची झाली. तो टिनाचा पन्हळी पत्रा. दहा भरल्या तर लाट साडेचौदा सेंटिमीटरची, आणि तो सिमेंटचा. सहा-सात उंच धारा आणि त्यांच्यामध्ये रुंद सपाट पट्टे दिसले, तर तो हल्लीचा रंगीत पोलादी पत्रा, ज्याला बाजारात नुसतं ‘कलर पत्रा’ म्हणतात. मोजणीत एक-दोनची चूक झाली तरी काही बिघडत नाही, कारण वीस आणि दहा यांत गल्लत होण्यासारखी नाही. आपल्या फोटोत मोजल्या तर साडेनऊ-दहा भरतात. पडवी सिमेंटची आहे, रंग कसाही दिसो.

टिनाची लाट लहान आणि सिमेंटची मोठी, याला कारण आहे. पन्हळी लोखंडाचं पेटंट लंडनच्या हेन्री पामरने १८२९ साली घेतलं. सपाट पातळ पत्रा स्वतःच्या वजनानेच लवतो, पण त्याला लाटा दिल्या की तोच पत्रा ताठ उभा राहतो. पुढे १८३७ मध्ये फ्रान्सच्या स्तानिस्लास सोरेलने लोखंडावर जस्त चढवण्याचं पेटंट घेतलं, आणि त्याला पावसात टिकण्याची सोय मिळाली. घरावरचा असा पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो, म्हणून तो बारीक लाटांत सहज वळतो. सिमेंटचा पत्रा मात्र सहा मिलिमीटर जाड. ऑस्ट्रियाच्या लुडविग हाचेकने १९०० च्या सुमारास शोधलेल्या रीतीने सिमेंट आणि ॲस्बेस्टॉसच्या तंतूंचा ओला लगदा थरावर थर देऊन त्याची चादर करतात आणि ओली असतानाच तिला लाटा देतात. इतकी जाड चादर बारीक लाटांत वळवणं पातळ पत्र्याइतकं सोपं नसतं. म्हणून तिची लाट मोठी आणि खोल, सुमारे पाच सेंटिमीटर उंचीची असते. ती उंची फोटोतही जाणवते. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात सिमेंटच्या लाटांच्या सावल्या रुंद, मऊ पट्ट्यांसारख्या पडतात, तर टिनावर त्या बारीक रेघांसारख्या दिसतात. भर दुपारी काढलेल्या फोटोत हे दोन्ही पुसलं जातं. फोटो मागवणाराने वेळ सांगितलेली बरी.

कौल हाताशी नसेल तर? मग पत्र्याची कड बघायची. वळचणीला पत्र्याची उघडी कड असते. टिनाची कड फोटोत नुसती एक रेघ असते. सिमेंटच्या कडेला जाडी दिसते, आणि ती बरेचदा जागोजाग उडालेली असते. त्यानंतर जोड. चार सिमेंट पत्र्यांचे कोपरे जिथे एकावर एक येतात तिथे चार जाड्यांचा ढीग होऊन फट राहील, म्हणून चांगला कारागीर दोन पत्र्यांचे कोपरे तिरपे कापतो. जवळच्या फोटोत ती लहानशी तिरपी रेघ सापडली तर आणखी पुरावा नको. टिनाचे कोपरे कोणी कापत नाही, कारण चार पत्रे मिळूनही दोन मिलिमीटर होतात. कलर पत्रा लांबच्या लांब मिळतो. आढ्यापासून वळचणीपर्यंत एकच तुकडा, मध्ये आडवा जोड नाही, ही त्याची खूण. सिमेंटचा पत्रा तीन मीटरपर्यंतच येतो, त्यामुळे मोठ्या पाख्यावर आडवा जोड असणारच.

आढ्यावर नजर टाकली तरी पुष्कळ कळतं. कौलारू आढ्यावर कोने असतात आणि त्यांच्या सांध्यात चुन्याची किंवा सिमेंटची पांढुरकी भर दिसते. सिमेंटच्या आढ्यावर दोन भागांचं, एकमेकांवर बसणारं लाटांचंच टोपण येतं. टिनाच्या आढ्यावर एक साधा वाकवलेला पत्रा असतो.

गंजाबद्दल मात्र एक गैरसमज आहे, आणि त्यापायी अनेक जण सिमेंटला टिन समजतात. सिमेंट गंजत नाही, पण त्याला धरून ठेवणारे जे हुक गंजतात. त्यामुळे सिमेंटच्या छपरावरही तांबडे ओघळ दिसतात. फरक असा की ते ओघळ ठरावीक रांगेतल्या ठिपक्यांपासून निघतात. प्रत्येक ठिपका म्हणजे एका हुकाचा नट आणि त्याखालचा वायसर, आणि रांगेखाली आधाराचा आडवा पाइप किंवा वासा असतो. ठिपक्यांच्या मधला पत्रा स्वच्छ राखाडी किंवा काळा राहतो. टिनावर गंज खिळ्याच्या भोकापासून आणि कापलेल्या कडेपासून सुरू होतो हे खरं, पण तो तिथे थांबत नाही. जिथे दोन पत्रे एकमेकांवर चढतात तिथे पाणी अडकून राहतं आणि पूर्ण जोडाच्या लांबीभर तांबडा पट्टा उमटतो. पुढे तो लाटांच्या तळातून पसरतो. म्हणजे रांगेतले ठिपके असले तर सिमेंट, आणि पट्टे, डाग असले तर टिन. पाऊस नुकताच थांबलेला असताना काढलेला फोटो मिळाला तर आणखी सोपं. सिमेंट आणि कौल पाणी पितात, म्हणून ती गडद होतात आणि ठिकठिकाणी डाग ठेवून वाळतात. धातूवर पाणी ठरत नाही, तो आकाशाचं प्रतिबिंब फेकतो.

लोकांनी छपरावर काय ठेवलंय तेही बघावं. दगड, विटा, जुने टायर हे वारा उचलून नेईल अशा हलक्या टिनावर आणि ताडपत्रीवर ठेवतात. आणि वादळानंतरचा फोटो असेल तर ओळखायला काहीच लागत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, त्यानंतर अलिबाग, श्रीवर्धन, दापोलीकडच्या घरांचे फोटो ज्यांनी पाहिले असतील त्यांना हे आठवेल. टिन मुडपून कागदासारखं झाडाला गुंडाळलेलं, सिमेंटचे धारदार तुकडे अंगणभर, आणि कौलांचा नुसता चुरा. मुडपलेला पत्रा सिमेंटचा असू शकत नाही आणि तुकडे झालेला टिनाचा असू शकत नाही.

आता तो निळा कोपरा. प्रकाश आत घेणाऱ्या पत्र्यांत बाजारात मुख्यतः दोन प्रकार असतात. एक फायबरचा, म्हणजे काचतंतू घातलेल्या राळेचा, आणि दुसरा पॉलिकार्बोनेटचा. फायबरचा पत्रा शेजारच्या पत्र्याच्याच लाटा घेऊन येतो. अंधाऱ्या पडवीत उजेड यावा म्हणून सिमेंटच्या दोन पत्र्यांमध्ये असा एक पत्रा घालतात. पॉलिकार्बोनेटचा नेहमीचा प्रकार मात्र सपाट असतो. आत पोकळ नळ्यांची रांग असलेली दुहेरी भिंत, म्हणून वरून बारीक समांतर रेघा दिसतात, आणि दोन पत्र्यांच्या जोडावर चपटी ॲल्युमिनियमची पट्टी. गाडीच्या शेडवर, दुकानाच्या पुढच्या झडपेवर, बंगल्याच्या गच्चीवर हाच असतो. दोन्हींची एक खूण समान आहे. खालच्या पाइपांच्या सावल्या पत्र्यातून आरपार दिसतात. निळ्या कलर पत्र्यातून त्या कधीच दिसणार नाहीत. ताडपत्रीला सुरकुत्या असतात आणि तिच्या कडा दोरीने ताणलेल्या असतात.

जुने झाल्यावर दोघे वेगळे वागतात. फायबरच्या वरची राळ उन्हाने झिजते, आतले तंतू उघडे पडतात, त्यात धूळ आणि शेवाळं अडकतं आणि पत्रा पिवळट-तपकिरी, केसाळ दिसू लागतो. पॉलिकार्बोनेट पिवळं किंवा दुधाळ होतं. टोकं नीट बंद केलेली नसली तर त्याच्या नळ्यांत हिरवं शेवाळं सरळ रेघांत वाढतं, आणि हे दृश्य इतर कुठल्याही छपरावर दिसत नाही. त्याच्या स्क्रूभोवती बारीक ताऱ्यासारखे तडे असले तर बसवणाराची चूक समजावी. पॉलिकार्बोनेट उन्हात लोखंडापेक्षा पाचपट अधिक ताणतं. तीन मीटरचा पत्रा पहाटेच्या गारव्यापासून भर उन्हात चाळीस अंशांनी तापला तर सुमारे आठ मिलिमीटर वाढतो. भोक स्क्रूइतकंच पाडलं असेल तर त्या वाढीला जागा मिळत नाही आणि तडा तिथेच जातो. लाटांचं, एकेरी पॉलिकार्बोनेटही मिळतं. ते नवं असताना फोटोवरून फायबरपासून वेगळं काढणं मला तरी जमत नाही, आणि जमतं म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

कौलांकडे परत यायला हवं, कारण हल्ली खोटी कौलं बरीच आहेत. माकडं खऱ्या कौलांवरून उड्या मारतात, दरवर्षी शेकडो फुटतात, परतायला माणूस मिळत नाही, म्हणून कोकणात कौलं उतरवून कौलाच्या आकाराचा पोलादी किंवा प्लास्टिकचा पत्रा घालायची पद्धत पडली आहे. लांबून फोटो अगदी फसवा येतो. पण खरं कौल कधीच सगळं सारखं नसतं. भट्टीत कोणी जास्त भाजलेलं, कोणी कमी, त्यामुळे लालाच्या छटा विखुरलेल्या असतात, एखादं सरकलेलं असतं, एखादं नवं कोरं मध्येच घातलेलं असतं, आणि कधी काळोख्या माजघरावर काचेचं एक कौल चमकत असतं. खोट्या छपरावर रंग एकसारखा, ओळी आखल्यासारख्या, आणि उन्हात नीट पाहिलं तर स्क्रूंची डोकी. शिवाय खऱ्या कौलांना चांगला उतार लागतो. घराच्या बाजूची त्रिकोणी भिंत दिसत असेल आणि तिचा उतार अगदी चपटा असेल तर वर खरी मंगलोरी कौलं टिकलीच नसती, पाणी आत आलं असतं. हाताने घडवलेली जुनी नळीची कौलं मात्र लगेच ओळखू येतात. अर्ध्या नळीसारखी, लहान, एक उताणं त्यावर एक पालथं, आणि ओळी नागमोडी. ती पट्टी म्हणून वापरू नयेत.

आपल्या जनगणनेनेही छपरांची अशीच वर्गवारी केली आहे. २०११ च्या जनगणनेत हाताची कौलं आणि यंत्राची कौलं यांना दोन वेगळे रकाने होते, पण टिन, इतर धातू आणि ॲस्बेस्टॉस हे सगळे पत्रे एकाच रकान्यात घातले होते. माझ्या मते जो फरक सर्वांत महत्त्वाचा होता तोच त्यात हरवला.

तो महत्त्वाचा का, तर सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, आणि त्याचे तंतू श्वासातून फुप्फुसात गेले तर कर्करोग होऊ शकतो. सगळ्या प्रकारच्या ॲस्बेस्टॉसने कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बिनॲस्बेस्टॉसचे सिमेंट पत्रेही बाजारात आहेत, पण लाट तीच, रंग तोच. हा फरक फोटो दाखवत नाही, तो प्रयोगशाळेतच कळतो. पत्रा जुना असेल तर ॲस्बेस्टॉस आहे असंच धरून चालावं. अखंड पत्रा छपरावर पडून असताना धोका थोडा असतो. तो कापताना, फोडताना, शेवाळं काढायला तारेच्या ब्रशने घासताना धूळ उडते. काढायचाच असेल तर आधी पाणी मारून ओला करावा, हुक काढून अख्खा उतरवावा, वरून फेकू नये.

म्हणून त्या एका फोटोवर थांबू नये, आणखी दोन मागवावेत. एक वळचणीजवळून, कड आणि हुक दिसतील असा. दुसरा आतून, दिवसा, दिवे बंद ठेवून. आतून टिन चमकतं आणि खिळ्यांच्या भोकांतून उजेडाचे ठिपके दिसतात. सिमेंट फिकट, मंद दिसतं आणि ओल आलेल्या जागी गडद डाग असतात. कौलांखाली रिपांची जाळी दिसते, आणि एखादं कौल काढून पालथं केलं तर कारखान्याचं नाव ठशात वाचता येतं. आतल्या फोटोत आधाराच्या पाइपांमधलं अंतरही मोजता येतं. सहा मिलिमीटरच्या सिमेंट पत्र्याला ते १.४ मीटरच्या पुढे जाऊ नये.

आपल्या फोटोतल्या पडवीवर चढणाऱ्या माणसाला हे आधी कळवायला हवं. सिमेंटचा जुना पत्रा आणि फायबरची उजेडाची खिडकी, दोन्ही पायाखाली अचानक फुटतात, आणि शेवाळाने किंवा रंगाने झाकलेली फायबरची खिडकी वरून वेगळी ओळखूही येत नाही. पाय थेट पत्र्यावर न देता दोन आधारांवर टेकेल अशी लांब फळी टाकून तिच्यावरूनच चालायचं. हुकांच्या तांबड्या ठिपक्यांच्या रांगा फोटोत दिसत असतील तर त्या मोजून, वळचणीपासून कितव्या लांबीवर आहेत ते लिहून पाठवा. आधार त्यांच्याच खाली आहेत.